बेचाळीस आणि चोवीस : दीर्घकाळच्या थकव्यात स्मरण, अवधान आणि निर्णय यांचे काय होते

१. एका गुणपत्रकाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात निपाणीजवळच्या एका खेड्यातली विद्यार्थिनी आईला घेऊन माझ्याकडे आली. आई विड्या वळते. मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि मराठीच्या एका पत्रिकेत तिला ८० पैकी २४ गुण मिळाले होते. उत्तीर्ण होण्यासाठी ३२ लागतात. तिने शांतपणे विचारले, "सर, माझं नेमकं काय चुकलं?" तिच्या वर्गातल्या उत्तरांवरून हा आकडा मला पटेना. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. ती हाती यायला सात आठवडे लागले. आतल्या पानांवरचे गुण मांडले तर १०, ८, ९, ७ आणि ८ असे होते. बेरीज ४२ होत होती आणि मुखपृष्ठावरही ४२ च लिहिलेले होते. गुणपत्रकात मात्र अंकांत २४ आणि अक्षरांत 'चोवीस'. दुरुस्ती झाली, पण तोपर्यंत पुढच्या प्रवेशाची मुदत टळून गेली होती. मुलीचे एक वर्ष गेले.

हे लिहिण्याचे कारण असे की तो आकडा वाचून सांगणारा मी होतो. बेळगावच्या तपासणी केंद्रावर मी मुखपृष्ठावरचे गुण मोठ्याने वाचत होतो आणि शेजारचे सहकारी ते पत्रकात भरत होते. दोघांचाही अनुभव वीस वर्षांहून अधिक, दोघेही कामात चोख. तरी ही चूक झाली आणि त्या क्षणी दोघांनाही कळली नाही. निष्काळजीपणा म्हणून ती सोडून देता आली असती. पण ती ज्या रीतीने घडली ती रीत शिक्षक, मुद्रितशोधक, अनुवादक आणि परीक्षार्थी या सर्वांना लागू पडते, म्हणून या लेखात ती टप्प्याटप्प्याने उलगडून पाहू.

त्या दिवसांची पार्श्वभूमी आधी सांगायला हवी. फेब्रुवारीपासून कामाचा ओघ थांबलाच नव्हता. प्रश्नपत्रिका काढणे, अंतर्गत मूल्यमापन, महाविद्यालयाच्या स्मरणिकेची मुद्रिते, निवडणुकीच्या कामाचे प्रशिक्षण, कन्नडमध्ये आलेल्या परिपत्रकांना कन्नडमध्येच द्यायची उत्तरे, आणि मग तपासणी. निपाणीहून बेळगाव महामार्गाने सव्वा-दीड तासाचे अंतर. पहाटे पाचला उठायचे, सहाची गाडी धरायची, रात्री नऊला घरी, आणि जेवणानंतर स्मरणिकेची मुद्रिते. चार महिने झोप सहा तासांच्या आतच होती. त्या काळात कोणी विचारले असते तर मी म्हणालो असतो, "दमलोय, पण काम नीट चाललंय." या वाक्याचा दुसरा अर्धा भाग चुकीचा होता. तो का चुकीचा होता, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

२. स्मरण : कानातला अंक कागदावर येईपर्यंत

'बेचाळीस' ऐकून '४२' लिहिणे हे काम क्षणाचे आहे, पण त्यात एक छोटी कसरत दडलेली आहे. मराठीत दोन अंकी संख्येचे नाव एककापासून सुरू होते. 'बे' आधी ऐकू येतो, 'चाळीस' नंतर. लिहिताना मात्र चार आधी येतो आणि दोन नंतर. म्हणजे लिहिणाऱ्याला आधी ऐकलेला 'दोन' क्षणभर मनात धरून ठेवावा लागतो, चाळीसची वाट पाहावी लागते, चार लिहावे लागतात आणि मग धरून ठेवलेला दोन बाहेर काढावा लागतो. जर्मन भाषेतही संख्या अशीच उलट वाचतात, आणि संख्यालेखन शिकणाऱ्या जर्मन मुलांच्या चुकांत अंकांच्या अदलाबदलीचा वाटा मोठा असतो, असे तिथल्या अभ्यासांत आढळले आहे. आपल्याकडे २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस तीन, तेवीस' अशी वाचनाची जोड दिली गेली आणि मोठा वाद झाला. वादाची बाजू कोणतीही घ्या, ज्या अडचणीवर तो उपाय होता ती अडचण खरी आहे.

सीमाभागात या कसरतीला आणखी एक पदर आहे. कन्नडमध्ये बेचाळीसला 'नलवत्तेरडु' म्हणतात, म्हणजे चाळीस आधी आणि दोन नंतर. लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम एकच. माझे सहकारी कन्नड माध्यमातून शिकलेले. मराठी उत्तम बोलतात, पण हिशेब मनात कन्नडमध्ये करतात. त्यांच्या मनात ऐकलेला क्रम तसाच लिहायची सवय पक्की आहे. माझे 'बेचाळीस' ऐकून त्यांना ती सवय दर वेळी थोपवावी लागते. ताज्या मनाने ते दिवसाला शेकडो वेळा बिनचूक करतात. थकलेल्या मनाने एकदा थोपवले गेले नाही, 'बे' ऐकताच हात दोनाकडे गेला, मागून चार आला आणि ४२ चे २४ झाले.

जी गोष्ट मनात क्षणभर धरून तिच्यावर काम करायचे असते, तिच्यासाठीच्या शक्तीला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात. तिची जागा फार थोडी असते. एका वेळी चारेक गोष्टींपेक्षा जास्त तिच्यात टिकत नाहीत. रोजचे पाठांतर, ओळखीच्या कविता, विद्यार्थ्यांची नावे हे सारे दुसरीकडे, दीर्घकालीन स्मृतीत असते आणि थकव्यात ते बरेचसे शाबूत राहते. त्यामुळे दमलेला शिक्षक तासभर न अडखळता शिकवू शकतो आणि तासानंतर हजेरीपट कुठे ठेवला हे विसरतो. लोक त्याला विसरभोळा म्हणतात. खरे तर विसरण्याआधीच, हजेरीपट ठेवण्याच्या क्षणी, त्याची नोंद मनात नीट झालेली नसते. न झालेली नोंद नंतर आठवणार कुठून?

नोंद पक्की होण्यासाठी झोपही लागते. दिवसभरात शिकलेल्या गोष्टी झोपेत पुन्हा घोटल्या जातात आणि टिकाऊ होतात. परीक्षेच्या आधी रात्रभर जागणारा विद्यार्थी म्हणून दुहेरी नुकसान करून घेतो. वाचलेले पक्के होत नाही, आणि सकाळी ते आठवायला लागणारी कार्यकारी स्मृतीही तोकडी पडते.

३. अवधान : डोळे उघडे, पण नोंद नाही

दुसरी चूक त्याच गठ्ठ्यातली. ती माझ्या लक्षात आली कारण पहिल्या चुकीनंतर मी ज्या प्रती पाहता आल्या त्या पुन्हा पाहिल्या. एका उत्तरपत्रिकेत पाच प्रश्नांचे गुण १०, ९, १२, ७ आणि १४ असे व्हायला हवे होते, एकूण ५२. मुखपृष्ठावर ४५ होते. चौथे उत्तर विद्यार्थ्याने शेवटच्या पानावर, 'मागे पाहा' असे लिहून सोडवले होते. ते पान मी उलटलेच नव्हते. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १०, ९, १२ आणि १४ यांची बेरीज ४५ च होते. म्हणजे बेरीज बरोबर होती. फेरबेरजेसाठी अर्ज केला असता तर 'बदल नाही' असेच उत्तर आले असते. काही चुका मागे खूण ठेवत नाहीत, आणि थकव्याच्या चुकांत त्यांचेच प्रमाण त्रासदायक असते.

एकसुरी कामात अवधान किती वेळ टिकते हा प्रश्न जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारचा पडदा पाहत बसणाऱ्या सैनिकांच्या हातून खुणा निसटत, म्हणून इंग्लंडमध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक साधे घड्याळ बनवले. काटा टिकटिक पुढे सरके आणि क्वचित एकदम दोन घरे उडी मारे. ती उडी दिसली की कळ दाबायची. पहिल्या अर्ध्या तासातच उड्या निसटण्याचे प्रमाण ठळकपणे वाढले. ही माणसे दमलेली नव्हती, काम फक्त एकसुरी होते. त्यावर महिनोन्महिन्यांची अपुरी झोप चढली की काय होईल याची कल्पना करता येते.

झोप अपुरी असलेल्या माणसाचे अवधान सगळीकडून सारखे मंद होत नाही. ते मधूनमधून तुटते. बरेचसे प्रतिसाद नेहमीसारखे येतात आणि मग अचानक एखादा क्षण रिकामा जातो. डोळे उघडे असतात, पान समोर असते, पण त्या क्षणाची नोंद होत नाही. गाडी चालवणाऱ्याला 'हत्तरगी कधी मागे पडलं कळलंच नाही' असे वाटते तो हाच प्रकार. काम तपासून पाहिले तर सलग दहा पाने निर्दोष आढळतात आणि अकराव्या पानावर अशी चूक, जी नवशिकाही करणार नाही. चुकांचा हा असमान पसारा थकव्याची ओळख आहे. अज्ञानाची चूक ठरावीक जागी पुन्हापुन्हा होते. थकव्याची चूक कुठेही होते.

मुद्रिते वाचणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. आपण अक्षर अक्षर वाचत नाही. पुढे काय येणार याचा अंदाज बांधत वाचतो आणि डोळ्यांनी तो अंदाज पडताळतो. थकव्यात अंदाज तसाच राहतो आणि पडताळणी सुटते. म्हणून 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक नजरेखालून निघून जातो, ओळीच्या शेवटी आलेला 'आणि' पुढच्या ओळीच्या आरंभी पुन्हा छापला जातो, आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरांतल्या शीर्षकातली चूक कोणालाच दिसत नाही. त्या वर्षी आमच्या स्मरणिकेत आतल्या मजकुरातले अनुस्वार बहुतेक ठीक होते, पण अनुक्रमणिकेत एका लेखकाचेच नाव दुसऱ्याच्या लेखापुढे छापले गेले. तीन मुद्रिते मी स्वतः वाचली होती. तिन्ही रात्री दहानंतर.

४. निर्णय : सवय पुढे येते

स्मरण आणि अवधान यांच्या चुका निदान शोधता येतात. निर्णयातला बदल अधिक अवघड आहे, कारण तो चुकीसारखा दिसतच नाही.

२०१८ पासून मी माझ्या तपासणीची एक छोटी वही ठेवतो. दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासलेल्या उत्तरांबद्दल दोन ओळी लिहून ठेवायच्या, एवढेच. त्या वर्षीची पाने नंतर चाळली तेव्हा गुणांपेक्षा माझे शेरे बदललेले दिसले. सकाळचे शेरे उत्तरातल्या गोष्टींबद्दल होते : 'मुद्दा वेगळा, उदाहरण स्वतःचे', 'आरंभ चुकला पण शेवटी सावरले'. संध्याकाळचे शेरे 'ठीक', 'बरे', 'मुद्दे आले' असे. गुणही मधल्या पट्ट्यात गोळा झालेले. वेगळ्या वाटेने जाणाऱ्या उत्तराला न्याय द्यायचा तर ठरलेला नमुना क्षणभर बाजूला ठेवून त्या विद्यार्थ्याच्या युक्तिवादामागे जावे लागते. दमलेले मन ते टाळते. ते नमुन्यातले शब्द शोधते, सापडले की अर्ध्याहून थोडे जास्त गुण देते आणि पुढे जाते. यात नुकसान सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वेगळ्या विद्यार्थ्याचे होते.

हे का घडते याचा एक धागा मेंदूच्या अभ्यासातून मिळतो. कपाळामागचा मेंदूचा भाग, ज्याला पूर्वललाट भाग म्हणता येईल, परिस्थिती पाहून वागणे बदलण्याचे काम करतो. सवयीने करायची कामे आतल्या दुसऱ्या केंद्रांवर चालतात. पोर्तुगालमध्ये वैद्यकाच्या एका मोठ्या परीक्षेची दीर्घ तयारी केलेल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की या ताणातून गेलेले विद्यार्थी एखाद्या निवडीचा उपयोग संपला तरी तीच निवड करत राहिले. फळ पाहून वागण्याऐवजी सवयीने वागणे वाढले होते. काही आठवड्यांच्या विश्रांतीनंतर तो कल ओसरला.

या निष्कर्षाने आमच्या पत्रकातला सर्वांत खटकणारा भाग मला समजला. गुण अंकांत आणि अक्षरांत असे दोनदा लिहायचे, हा नियम चूक पकडण्यासाठी केलेला आहे. अपेक्षा अशी की अंक एकदा ऐकून लिहावा आणि अक्षरे मुखपृष्ठ पुन्हा पाहून लिहावीत. मग एका रकान्यात २४ आणि दुसऱ्यात 'बेचाळीस' आले असते आणि विसंगती लगेच दिसली असती. आम्ही काय केले? आधी साऱ्या पानाचे अंक भरले आणि मग त्या अंकांवरून अक्षरे लिहिली. काम वेगाने झाले. २४ पाहून 'चोवीस' लिहिले गेले. तपासणीची क्रिया पूर्ण झाली आणि तिचा हेतू हरवला. सवय अशी चालते. ती हाताची हालचाल जपते, हालचाल कशासाठी आहे हे जपत नाही.

त्या मुलीच्या आईने हीच गोष्ट आपल्या भाषेत मला सांगितली. ती म्हणाली, "हात काय, झोपंतबी विडी वळतोय. पण रात्री उशीर झाला की पान कुठलं घ्यायचं आन कुठलं टाकायचं ते उमगत न्हाई. मग सकाळी कारखान्यात छाट निघती." विडी वळणे ही हाताची सवय. पान निवडणे हा निर्णय. वर्षानुवर्षे घोटलेली सवय थकव्याला बराच काळ पुरून उरते, निर्णय आधी ढासळतो, आणि छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी हातची जाते.

५. थकलेल्याला थकवा का कळत नाही

आता मूळ प्रश्न. चार महिने असे चालले होते तर माझे काम बिघडते आहे हे मला का कळले नाही?

याचे सर्वांत स्पष्ट उत्तर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हान्स व्हॅन डोंगेन, डेव्हिड डिंजिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४८ निरोगी प्रौढांना प्रयोगशाळेत ठेवले. एका गटाला रोज आठ तास, दुसऱ्याला सहा आणि तिसऱ्याला चार तास झोपू दिले, सलग १४ दिवस. चौथ्या गटाला तीन दिवस झोपूच दिले नाही. दिवसभर अधूनमधून सगळ्यांची परीक्षा होई. तीतला मुख्य भाग साधा होता : दहा मिनिटे पडद्याकडे पाहायचे, खूण उमटली की कळ दाबायची. अर्ध्या सेकंदाहून उशीर झाला तर अवधान तुटले असे मानायचे.

सहा तास झोपणाऱ्यांचे तुटलेले क्षण रोज वाढत गेले. चार तासवाल्यांचे अधिक वेगाने वाढले. चौदा दिवसांच्या अखेरीस या गटांची घसरण एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी झाली होती. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट पुढे आहे. 'तुम्हाला किती झोप येते आहे?' असे त्यांना रोज विचारले जाई. पहिले काही दिवस उत्तरांतली झोप वाढली आणि मग जवळजवळ स्थिर राहिली. काम मात्र घसरतच होते. सहा तासांच्या गटातल्या माणसांना शेवटी आपण किंचित पेंगुळलो आहोत एवढेच वाटत होते.

याचा अर्थ असा की थकवा मोजण्याचे आपले आतले माप थकव्याबरोबर सरकते. काही दिवसांनी दमलेली अवस्था हीच नेहमीची अवस्था वाटू लागते आणि तिच्याशी तुलना करून माणूस 'आज बरं आहे' असे म्हणतो. एका रात्रीचे जागरण आपल्याला कळते, कारण कालचा दिवस आठवत असतो. चार महिन्यांचे जागरण कळत नाही, कारण तुलनेला ताजा दिवसच उरलेला नसतो. म्हणून 'मला थकल्यासारखं वाटत नाही' हा कार्यक्षमतेचा पुरावा धरता येत नाही. पुरावा कामात शोधावा लागतो. तेच वाक्य दुसऱ्यांदा वाचावे लागणे, बेरजेसाठी कागद लागणे, कन्नडमधून मराठीत येताना नेहमीचा शब्द अडणे, क्षुल्लक प्रश्नावर विद्यार्थ्यावर चिडणे, आणि विशेषतः 'हे नंतर पाहू' म्हणून पडताळणी पुढे ढकलणे, या खुणा आपल्या वाटण्यापेक्षा विश्वसनीय आहेत.

६. हेच जेव्हा व्यवस्थेच्या पातळीवर घडते

२०१७ सालची मुंबई विद्यापीठाची घटना अनेकांच्या स्मरणात असेल. त्या उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ऐनवेळी ठरले. पत्रिका स्कॅन होऊन पोचायला उशीर झाला आणि शिक्षकांना नवी पद्धत शिकायला वेळ मिळाला नाही. निकाल लांबले, तेव्हा कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घातली आणि तपासणीसाठी महाविद्यालयांतील तासही काही दिवस बंद ठेवावे लागले. मुदत पाळली गेली नाहीच. निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, पुनर्मूल्यांकनासाठी अर्जांचा ढीग लागला आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

या गोंधळाचे मूळ नियोजनात आणि यंत्रणेत होते. शिक्षकांच्या थकव्यावर त्याचा भार टाकणे अन्यायाचे होईल. पण घटनाक्रमातून एक गोष्ट शिकता येते. काम साचले आणि मुदत जवळ आली की व्यवस्था आणखी तास मागते, आणि तास वाढवले की प्रत्येक तासातल्या चुका वाढतात. त्या चुका निस्तरायला पुन्हा तास लागतात. साचलेले काम उरकण्याचा सर्वांत सरळ दिसणारा मार्ग काही मर्यादेपुढे काम वाढवणारा ठरतो. आमच्या गुणपत्रकावर भरण्याचे काम काही सेकंदांचे होते. ती चूक दुरुस्त व्हायला दोन अर्ज, सात आठवडे आणि एका मुलीचे वर्ष लागले.

७. काय करता येते आणि काय येत नाही

कामाचे ओझे किती असावे हे बहुधा शिक्षकाच्या हाती नसते. त्यामुळे 'विश्रांती घ्या' हा सल्ला देऊन मी थांबणार नाही. ओझे असतानाही कामाची मांडणी अशी करता येते की थकव्याची चूक घडली तरी ती पकडली जाईल. त्या वर्षानंतर आम्ही तीन बदल केले.

पहिला, अंकांच्या उच्चाराचा. गुण सांगताना आम्ही आता 'चार दोन, बेचाळीस' असे म्हणतो. लिहिणारा पहिल्या दोन शब्दांवरून लिहितो आणि तिसऱ्यावरून पडताळतो. मनात काही धरून ठेवायची गरज उरत नाही, आणि मराठी-कन्नड क्रमाचा झगडाही मिटतो. 'एकोणसत्तर' ऐकून ७९ लिहिण्याची आमच्या भागातली जुनी चूकही यामुळे बंद झाली.

दुसरा, पडताळणी स्वतंत्र ठेवण्याचा. अक्षरांतले गुण अंकांवरून लिहायचे नाहीत. ते दुसऱ्या व्यक्तीने मुखपृष्ठ पाहून लिहायचे. न उलटलेल्या पानासाठी वेगळा उपाय लागतो, कारण ती चूक बेरजेत दिसत नाही. प्रत्येक लिहिलेल्या पानावर, गुण असोत वा नसोत, तपासणाऱ्याची खूण हवी. खूण नसलेले पान म्हणजे न पाहिलेले पान. मुद्रितांसाठी हाच विचार : ज्याने मजकूर लिहिला किंवा दोनदा वाचला त्याने अखेरचे मुद्रित वाचू नये, आणि अनुक्रमणिका व शीर्षके शेवटी न वाचता सकाळी पहिल्यांदा वाचावीत.

तिसरा बदल क्रमाचा. निर्णय लागणारे काम, म्हणजे दीर्घोत्तरी प्रश्न, सकाळी. एका शब्दाची आणि पर्यायांची उत्तरे दुपारनंतर. शक्य तिथे एकाच विद्यार्थ्याची सगळी पत्रिका न तपासता सर्वांचा पहिला प्रश्न, मग सर्वांचा दुसरा असे जायचे आणि दुसऱ्या फेरीत गठ्ठा उलटा घ्यायचा. त्यामुळे गठ्ठ्याच्या तळाशी असलेला विद्यार्थी दर वेळी आमच्या थकव्याच्या वाट्याला येत नाही.

या उपायांची मर्यादाही सांगितली पाहिजे. पडताळणारा दुसरा माणूसही चार महिने दमलेला असेल तर दोन दमलेल्या नजरा एकाच जागी चुकू शकतात. शिवाय 'मागे कोणीतरी पाहणारच आहे' या भरवशावर पहिला माणूस सैल होतो. मानसिक शक्ती ही बरणीतल्या साखरेसारखी वापरून संपते, असे एक मत काही वर्षे फार लोकप्रिय होते. २०१६ साली अनेक प्रयोगशाळांनी एकत्र येऊन तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा अपेक्षित परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. म्हणून थोडे गोड खाऊन किंवा मनाचा निर्धार करून निर्णयशक्ती परत येते, असल्या सल्ल्यांवर फार विसंबू नये. अपुऱ्या झोपेचा परिणाम मात्र पुन्हापुन्हा दिसून आलेला आहे, आणि त्याची भरपाई झोपेशिवाय दुसऱ्या कशाने होत नाही. चहाने तासभर जाग येते. निवड करण्याची शक्ती तेवढ्याने परत येत नाही.

बदल उलटवता येतो का, याचे उत्तर बरेचसे दिलासा देणारे आहे. २००९ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी मोठ्या परीक्षेच्या तयारीत महिनाभर ताणाखाली असलेल्या २० वैद्यकीय विद्यार्थ्यांची तपासणी केली. अवधान एका गोष्टीवरून दुसरीवर नेणे त्यांना जड जात होते आणि पूर्वललाट भागाचे इतर भागांशी असलेले जोडकामही मंदावले होते. ताण संपल्यावर महिन्याने हेच विद्यार्थी इतरांच्या बरोबरीला आले. ही मुले तरुण आणि निरोगी होती आणि त्यांच्या ताणाला ठरलेला शेवट होता, हे विसरू नये. ज्याच्या ओझ्याला शेवटची तारीखच नाही, त्याला हा महिना मिळत नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर त्या दिवाळीत तीन आठवडे मी मुद्रिते हाती घेतली नाहीत. सुटीनंतर वहीतले जुने शेरे वाचले तेव्हा 'ठीक', 'बरे' एवढेच लिहिलेल्या दोन उत्तरांच्या प्रती शोधून पुन्हा वाचल्या. एक खरोखर ठीकच होते. दुसऱ्यात एका मुलाने विहिरीवरच्या मोटेच्या गाण्यांतली लय आणि त्याच्या आजीच्या बोलण्यातली लय यांची तुलना केली होती, आमच्या अपेक्षित मुद्द्यांत नसलेली. मी त्याला सोळापैकी नऊ दिले होते. निकाल लागून गेला होता आणि ते नऊ मला बदलता आले नाहीत.